परिपथाची आकृतीच नाही, फक्त ‘१२ व्होल्टची बॅटरी’ एवढंच टाइप केलंय. असा प्रश्न सोडवायचा कसा?

मृण्मयी_क | रात्री ८:५०

मुलीच्या वर्गात सरावासाठी प्रश्नांचा एक कागद वाटलाय. टाइप करताना आकृत्या गळाल्या आहेत. बाकीच्या प्रश्नांचं निभावलं, हा एक मात्र अडलाय. जसा आहे तसा लिहिते:

“आकृतीत दाखवल्याप्रमाणे तीन रोध १२ V च्या बॅटरीला जोडले आहेत. (अ) मधल्या रोधातून वाहणारी विद्युतधारा काढा. (आ) बॅटरीतून वाहणारी एकूण विद्युतधारा काढा.”

खाली कंसात (अ) चं उत्तर २ A दिलंय. (आ) चं उत्तर नाही. रोध किती ओहमचे तेही नाही, कारण ते आकृतीवरच लिहिलेले असणार. लेक म्हणते, “आई, १२ व्होल्ट आहेत ना, मग काहीतरी निघेलच.” मला तसं वाटत नाही, पण का नाही ते तिला नीट सांगता येईना. एकसर आणि समांतर जोडणी दोन्ही तिला येतात, सूत्रं पाठ आहेत. अडतंय ते आकृती नसल्यामुळेच.

---

झटपट | रात्री ९:०२

तिन्ही रोध सारखे धरा. मधल्या रोधातून २ अँपिअर म्हणजे १२ भागिले २, ६ ओहम. तिन्ही ६ ओहमचे आणि समांतर. एकूण धारा ६ अँपिअर. झालं.

---

अनुराधा_भौतिक | रात्री ९:२५

झटपट, सारखे धरायला आधार काय? आणि सारखे धरले तरी समांतरच का? समजा तिन्ही २ ओहमचे आणि एकसर आहेत. एकूण रोध ६, धारा २ अँपिअर. मधल्यातूनही २ आणि बॅटरीतूनही २. तुमच्या ६ अँपिअरइतकंच हेही उत्तर दिलेल्या मजकुरात बसतं.

मृण्मयीताई, तुमच्या मुलीचं “काहीतरी निघेलच” अर्धं खरं आहे, म्हणून तिला सरळ नाही म्हणू नका. तिला हे करून बघायला सांगा. कुठलाही परिपथ घ्यायचा, त्यातले सगळे रोध दहापट करायचे आणि बॅटरी १२ व्होल्टचीच ठेवायची. प्रत्येक ठिकाणची धारा एक-दशांश होते. पण प्रत्येक रोधावरचं विभवांतर जिथल्या तिथे राहतं, जराही हलत नाही. म्हणजे व्होल्टवरून व्होल्टच निघतात, अँपिअर निघत नाहीत. अँपिअर हवे असतील तर कुठेतरी एक ओहम, एक अँपिअर किंवा एक वॅट दिलेला असावा लागतो.

उदाहरणार्थ, “तीन समान रोध आहेत, दोन समांतर आणि तिसरा त्यांच्याशी एकसर” एवढंच सांगितलं असतं, तर एकाही ओहमचा आकडा नसताना आपण म्हणू शकलो असतो की एकट्या रोधावर ८ व्होल्ट आणि जोडीवर ४ व्होल्ट. धारा मात्र सांगता आली नसती.

तुमच्याकडे (अ) चं उत्तर आहे, म्हणजे एक अँपिअर हाताशी आहे. फक्त तेवढ्यावर जोडणी ठरत नाही. रोधांचे आकडे कुणाकडून मिळतील का? वर्गात फळ्यावर आकृती काढली होती का?

---

जुना_रेडिओ | रात्री ९:४१

माझीही हीच अडचण आहे. १२ व्होल्टच्या एका जुन्या बोर्डावर तीन रोध आहेत, आकृती मिळत नाही. एका रोधावर रंगांच्या पट्ट्या १२ हजार ओहम सांगतात, मीटर मात्र ४ हजारच्या आसपास दाखवतोय. रोध बिघडलाय असं समजून बदलला, तर नवाही तेच दाखवतो. बॅटरीचे व्होल्ट बरोबर आहेत. काय करावं?

---

अनुराधा_भौतिक | रात्री ९:५८

जुना_रेडिओ, तुमचा पहिला रोध चांगला होता. बोर्डावर बसलेल्या रोधाला मीटर लावला की मीटर त्या एका रोधाला मोजत नाही, त्या दोन टोकांमध्ये जेवढे म्हणून रस्ते आहेत त्या सगळ्यांना मिळून मोजतो. १२ हजारांच्या जागी ४ हजार दिसतात, म्हणजे बाहेरून फिरून येणारा ६ हजारांचा रस्ता शेजारी आहे. रोधाचं एक टोक सोडवून मोजा, १२ हजारच येतील. बॅटरी मात्र आधी काढायची. जोडलेल्या बॅटरीसकट ओहम मोजले तर आकड्याला अर्थ राहत नाही.

धाग्यातला प्रश्न कागदावरचा आहे, तिथे मोजायला हातात काही नाही. पण तुमचा अनुभव आठवणीत ठेवते, मला वाटतं पुढे लागेल.

---

मृण्मयी_क | दुसरा दिवस, संध्याकाळी ६:१०

आकडे मिळाले! लेकीच्या मैत्रिणीने फळ्यावरून उतरवून घेतले होते: ४, ६ आणि १२ ओहम, डावीकडून उजवीकडे ह्याच क्रमाने. म्हणजे मधला ६ ओहमचा. आकृती तिनेही काढली नाही, “नंतर काढू” म्हणून राहिली.

---

झटपट | संध्याकाळी ६:२२

मग माझंच बरोबर आलं की. मधला ६ ओहम, त्यातून २ अँपिअर, म्हणजे त्यावर पूर्ण १२ व्होल्ट. पूर्ण व्होल्टेज मिळतंय म्हणजे तिन्ही समांतर. १२ भागिले ४ म्हणजे ३, १२ भागिले ६ म्हणजे २, १२ भागिले १२ म्हणजे १. बेरीज ६ अँपिअर. कालचं उत्तर कायम.

---

अनुराधा_भौतिक | संध्याकाळी ७:०५

पहिलं वाक्य अगदी बरोबर आहे: ६ ओहमवर पूर्ण १२ व्होल्ट आहेत, म्हणजे तो थेट बॅटरीच्या दोन टोकांना जोडलेला आहे. “म्हणजे तिन्ही समांतर” ही उडी मात्र चुकीची आहे. उत्तरातल्या २ अँपिअरने आपल्याला फक्त मधल्या रोधाबद्दल सांगितलं. उरलेले दोन कसे बसलेत त्याबद्दल ते गप्प आहे.

तीन वेगवेगळे रोध घेतले आणि तिन्हीतून धारा वाहायला हवी असेल, तर जोडण्या आठच होतात. तिन्ही एकसर ही एक. तिन्ही समांतर ही एक. एक रोध एकसर आणि बाकीच्या दोघांची समांतर जोडी, ह्यात एकटा कोण हे बदललं की तीन. एक रोध बाजूला आणि बाकीचे दोघे एकसर होऊन त्याला समांतर, ह्याच्या आणखी तीन. मी आठही सोडवून ६ ओहममधली धारा काढली. तिन्ही एकसर असतील तर ती ०.५५ येते. ४ ओहम पुढे आणि ६ व १२ ची समांतर जोडी मागे असेल तर नेमकी १ अँपिअर येते, आणि ते उत्तर दुसऱ्या कुठल्याही जोडणीत येत नाही. म्हणजे कंसात १ A असतं, तर आकृती नसतानाही आपण छातीठोकपणे जोडणी सांगितली असती.

पण कंसात २ A आहे आणि २ दोन ठिकाणी येतं. एक, तिन्ही समांतर. दुसरं, ६ ओहम एका फांदीत आणि ४ व १२ एकसर होऊन दुसऱ्या फांदीत. ह्या दुसऱ्या जोडणीत त्या फांदीचा रोध १६ ओहम, तिच्यातून ०.७५ अँपिअर, आणि बॅटरीतून एकूण २.७५ अँपिअर. तुमच्या ६ च्या निम्म्याहूनही कमी.

म्हणून (अ) सुटलाय, (आ) अजून दोन उत्तरांमध्ये अडकलाय.

---

झटपट | संध्याकाळी ७:१८

मान्य, दुसरी शक्यता माझ्या ध्यानात आली नव्हती. पण सरावाच्या कागदावर सहसा साधी जोडणी असते, ४, ६, १२ हे आकडे समांतरसाठीच निवडलेत. १/४ + १/६ + १/१२ बरोबर १/२ येतं. एकूण रोध २ ओहम. २.७५ असलं वेडंवाकडं उत्तर कोण ठेवेल?

---

अनुराधा_भौतिक | संध्याकाळी ७:३०

आकडे कसे निवडतात ह्याचा अंदाज उपयोगी असतो, मीही तो बांधते. पण ४ + (६ ∥ १२) केलं तरी ८ ओहम आणि १.५ अँपिअर असं नीटस उत्तर येतं. ६ + (४ ∥ १२) ला ९ ओहम येतात. हा आकड्यांचा संचच असा आहे की बऱ्याच जोडण्यांना तो गोड लागतो. नीटसपणावरून आकृती ठरवायला माझं मन धजत नाही.

मृण्मयीताई, लेकीला आकृतीचा आकार आठवतो का विचारा. “समांतर होते का” असं विचारू नका. “कागदावर काय काय दिसत होतं” असं विचारा.

---

मृण्मयी_क | रात्री ८:४०

विचारलं. तिचे शब्द: “तिन्ही रोध एका सरळ रेघेत होते, एकामागे एक. वरून एक वाकडी तार जात होती आणि खालूनही एक तार होती.” बॅटरी कुठे होती ते तिला नक्की आठवत नाही. आता मीच गोंधळले आहे. एका रेघेत म्हणजे एकसरच झाले ना? मग २ अँपिअर कसे?

---

झटपट | रात्री ८:४८

एका रेघेत असतील तर एकसरच. ४ + ६ + १२ = २२ ओहम, धारा ०.५५. मग कंसातलं २ A चुकीचं छापलंय. अशा कागदांवर उत्तरं चुकलेली असतात, मी पाहिलंय.

---

दिगंत | रात्री ९:१५

थांबा, कंसातलं उत्तर चुकीचं ठरवायच्या आधी त्या दोन तारांकडे बघू या. एका रेघेत काढले म्हणून एकसर होत नाहीत. कागदावरचा आकार आणि जोडणी ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी परिपथ संगणकावर सोडवतो, तिथे चित्र नसतंच. तिथे फक्त “हा रोध ह्या सांध्यापासून त्या सांध्यापर्यंत” अशी यादी असते. १९७३ साली बर्कलीच्या विद्यापीठात तयार झालेल्या SPICE ह्या प्रोग्रॅमपासून आजवर हीच पद्धत चालत आली आहे.

लेकीच्या रेघेवर चार सांधे आहेत. डावं टोक A, ४ आणि ६ च्या मध्ये B, ६ आणि १२ च्या मध्ये C, उजवं टोक D. वरची तार A पासून C पर्यंत, खालची तार B पासून D पर्यंत आणि बॅटरी दोन टोकांना, असं धरलं तर तारेने जोडलेले सांधे एकच होतात. A आणि C एक, B आणि D एक. D ला ० म्हणू या. यादी अशी होते:

```
V1 A 0 12
R1 A 0 4
R2 0 A 6
R3 A 0 12
```

तिन्ही रोधांची टोकं त्याच दोन सांध्यांवर आली. तिन्ही समांतर! चित्रात रांगेत उभे आहेत, पण जोडलेत समांतर. २ अँपिअर बरोबर, एकूण ६. झटपट यांचं पहिलं उत्तर जुळलं.

---

केतकीचं_बन | रात्री ९:३५

हे मला कधीच नीट समजलं नव्हतं. दिगंत, एक विचारते. R2 ला तुम्ही “0 A” असं उलटं का लिहिलंय? टंकताना चुकलं का?

---

अनुराधा_भौतिक | रात्री १०:१०

केतकी, चूक नाही, आणि तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवलंत. मधल्या रोधाचं डावं टोक B, म्हणजे बॅटरीच्या ऋण बाजूला. उजवं टोक C, म्हणजे धन बाजूला. म्हणून बाकीच्या दोन रोधांतून धारा डावीकडून उजवीकडे जाते आणि मधल्यातून उजवीकडून डावीकडे. मुलांना हे पटत नाही, कारण रेघेवर डोळा फिरवताना तो डावीकडून उजवीकडेच फिरतो.

धारेचा हिशोब सांध्यागणिक करून बघा म्हणजे पटेल. बॅटरीतून ६ अँपिअर A ला येतात. तिथून ३ अँपिअर ४ ओहममधून B कडे जातात, उरलेले ३ वरच्या तारेने थेट C ला पोचतात. C वरून २ अँपिअर मागे वळून ६ ओहममधून B ला येतात आणि १ अँपिअर पुढे १२ ओहममधून D ला जातो. B वर ३ आणि २ मिळून ५ जमले, ते खालच्या तारेने D ला गेले. D वर ५ आणि १ मिळून ६ झाले, ते बॅटरीत परतले. कुठेही काही उरलं नाही, कमीही पडलं नाही. धारांचा हिशोब चुकला असता तर एखाद्या सांध्यावर हा जमाखर्च फसला असता.

आता दिगंत, तुमच्या मांडणीत एक गोष्ट तुम्ही धरून चाललात. वरची तार A–C आणि खालची B–D हे मुलीने सांगितलेलं नाही. ती फक्त “वरून एक, खालून एक” म्हणाली. बॅटरी तिला आठवत नाही. मग खालची ‘तार’ हाच बॅटरीचा फेरा असला तर?

रेघ तीच. वरची तार A पासून थेट D पर्यंत, म्हणजे दोन टोकं एकमेकांना जोडलेली. खालून B आणि C च्या मध्ये बॅटरी. आता मधला ६ ओहम थेट बॅटरीवर, २ अँपिअर. आणि B वरून ४ ओहममधून A, वरच्या तारेने D, तिथून १२ ओहममधून C, असा १६ ओहमचा दुसरा रस्ता. हीच माझी संध्याकाळची दुसरी जोडणी. एकूण २.७५.

मुलीचं वर्णन दोन्ही चित्रांना तंतोतंत बसतं. मला हे अपेक्षित नव्हतं, पण आहे ते असं आहे.

---

दिगंत | रात्री १०:२४

खरंय. बॅटरी टोकांना आहे हे मी गृहीत धरलं होतं, लिहायला हवं होतं. दुसऱ्या चित्राची यादी, C ला ० धरून (A आणि D एकच):

```
V1 B 0 12
R1 A B 4
R2 B 0 6
R3 A 0 12
```

पहिल्या यादीत बॅटरी सोडून दोनच सांधे आहेत, दुसरीत तीन. ‘खालची तार’ म्हणजे साधी तार की बॅटरीचा फेरा, एवढ्याच प्रश्नावर ६ आणि २.७५ मधला निवाडा आहे.

---

जुना_रेडिओ | रात्री १०:५०

एक टोक सोडवून मोजलं, १२ हजारच आले. आभार.

मग हे जोडूनच बघा ना. माझ्याकडे १२ व्होल्टची बॅटरी आहे, पाव वॅटचे रोध आहेत. ४, ६, १२ ओहम लावून दोन्ही चित्रं उद्या जोडतो आणि मीटरने मोजतो.

---

अनुराधा_भौतिक | रात्री ११:०५

कृपा करून ह्या आकड्यांनी जोडू नका. ४ ओहमवर १२ व्होल्ट म्हणजे ३६ वॅट. पाव वॅटचा रोध क्षणात काळा पडेल, हात भाजेल. ६ ओहमवर २४ आणि १२ वर १२ वॅट, सगळे मिळून ७२. कागदावरच्या प्रश्नात हे आकडे निरुपद्रवी दिसतात, टेबलावर नसतात.

सगळं हजारपट करा. ४ हजार, ६ हजार, १२ हजार ओहम. बॅटरी तीच. काल लिहिलं तेच इथे कामी येतं: व्होल्ट जिथल्या तिथे राहतील आणि अँपिअरच्या जागी तेच आकडे मिलिअँपिअरमध्ये मिळतील. ४ आणि ६ हजारांचे रोध सहसा तयार मिळत नाहीत, १२ हजारांचे मिळतात. असे सहा घ्या. तीन समांतर केले की ४ हजार, दोन समांतर केले की ६ हजार, एक तसाच. सगळ्यात जास्त तापणाऱ्या ४ हजारांच्या गटातही ३६ मिलिवॅटच जातील.

आणि कुठली जोडणी झाली आहे हे बॅटरी न लावताही कळतं, तुमच्याच बोर्डासारखं. बॅटरी काढून मधल्या रोधाच्या टोकांना मीटर लावा. पहिल्या चित्रात २ हजार दिसतील, दुसऱ्यात ६ आणि १६ हजारांची समांतर जोडी, म्हणजे सुमारे ४,३६०.

अर्थात ह्याने मृण्मयीताईंचा फळा परत येणार नाही. दोन्ही चित्रं खरी आहेत एवढंच दिसेल.

---

जुना_रेडिओ | तिसरा दिवस, दुपारी १:२०

जोडलं. बारा हजारांचे सहा रोध, बॅटरी मात्र १२ च्या जागी नऊ व्होल्टची लावली. पहिल्या चित्राला एकूण ४.५ मिलिअँपिअरच्या जवळ, दुसऱ्याला २.०६ च्या जवळ. मधल्यातून दोन्ही वेळा दीड. पहिल्या चित्रात मधल्याशी मीटर जोडताना काटा उलट जात होता, टोकं अदलाबदल करावी लागली. केतकीताईंचा प्रश्न तेव्हा उमगला.

---

केतकीचं_बन | दुपारी १:४५

काटा उलट गेला हे वाचून फार बरं वाटलं. कागदावर मानायला जड जात होतं.

---

मृण्मयी_क | दुपारी ४:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. लेकीला दोन्ही चित्रं काढून दाखवली. दोन्हीकडे बघून ती म्हणाली, “असंच होतं, आणि वरच्या तारेवर एक कळ होती.” कळ! हे ती आधी बोलली नव्हती. मग मी कागद पुन्हा पाहिला. पुढच्या पानावर ह्याच प्रश्नाचा (इ) भाग आहे. तो वेगळा प्रश्न असेल असं समजून मी इथे लिहिलाच नव्हता, चूक माझी. तो असा:

“(इ) कळ उघडल्यास मधल्या रोधातील विद्युतधारेत काय फरक पडेल?”

ह्याचं उत्तर दिलेलं नाही.

---

अनुराधा_भौतिक | सायंकाळी ५:१५

हा भाग आधी असता तर आपले दोन दिवस वाचले असते, पण बरं झालं, आता दोन चित्रांत फरक करायला काहीतरी हाती आलं.

पहिल्या चित्रात वरची A–C तार कळीने तोडली, तर C चा धन बाजूशी संबंध संपतो. ४ ओहममधून ३ अँपिअर पूर्वीसारखेच वाहतात. पण ६ आणि १२ आता B पासून C मार्गे D ला जातात, आणि B व D खालच्या तारेने एकच आहेत. दोन्ही टोकं सारख्याच पातळीवर, म्हणजे त्यांच्यातून काहीच वाहत नाही. मधल्याची धारा २ वरून थेट शून्य.

दुसऱ्या चित्रात वरची A–D तार तोडली, तर ४ आणि १२ अधांतरी लटकतात. मधला ६ ओहम बॅटरीवर आहे तसाच राहतो. त्याची धारा २ होती, २ च राहते. बॅटरीची एकूण धारा मात्र २.७५ वरून २ वर येते.

---

झटपट | सायंकाळी ५:२६

“काय फरक पडेल” असं विचारलंय, म्हणजे फरक पडतो. पहिलं चित्र. ६ अँपिअर.

---

दिगंत | सायंकाळी ५:४०

मला उलट वाटतं. “काय फरक पडेल” ला “काहीही नाही” हे उत्तर देता येतं का, हे तपासायला असे प्रश्न विचारतात. शाळेच्या पातळीवर दुसरं चित्र जास्त शक्य आहे. दोन तारा आडव्या टाकून रांगेला समांतर करणं ही स्पर्धा परीक्षेतली युक्ती आहे.

---

अनुराधा_भौतिक | सायंकाळी ६:०२

दोघांच्या म्हणण्यात तथ्य आहे, मी कुठल्याच बाजूला पूर्ण झुकत नाही. माझा कल किंचित पहिल्या चित्राकडे, कारण मुलीने ‘खालूनही एक तार’ म्हटलं आणि बॅटरीचं चिन्ह मुलं सहसा विसरत नाहीत. खालच्या फेऱ्यात दोन लहानमोठ्या रेघा असत्या, तर तिने ‘तार’ म्हटलं नसतं असं वाटतं. पण ती बॅटरी कुठे होती तेच विसरली आहे, म्हणून ह्यावर मी पैज लावणार नाही.

मृण्मयीताई, तिला उत्तरपत्रिकेत दोन्ही चित्रं सांध्यांच्या अक्षरांसकट काढू द्या. प्रत्येकाखाली “बॅटरी A आणि D ला धरल्यास” किंवा “बॅटरी B आणि C ला धरल्यास” असं लिहून मग उत्तर. तपासणाऱ्याला तिने काय धरलं ते दिसलं पाहिजे.

---

मृण्मयी_क | रात्री ८:१५

तसंच केलंय. पहिल्या चित्राखाली ६ A आणि “कळ उघडल्यास शून्य”, दुसऱ्याखाली २.७५ A आणि “फरक नाही”. धारा मागे वळते तो बाण तिने स्वतः काढला, मला विचारलंही नाही. सोमवारी तिला फळ्यावरची मूळ आकृती पुन्हा काढून मागायला सांगितलंय, आणि ह्या वेळी चार सांध्यांना A, B, C, D लिहूनच उतरवायची असं तिने मैत्रिणीलाही कळवलंय. कळलं की इथे लिहीन.